2 आणि x: दोघांचं एकात न मावणारं आयडियल

12 आणि 18 घ्या. या दोन संख्यांना कुठल्याही पूर्णांकांनी गुणायचं आणि गुणाकारांची बेरीज करायची, म्हणजे 12a + 18b. a आणि b ऋण घेतले तरी चालतील. अशा रीतीने कोणकोणत्या संख्या मिळतात? 18 − 12 = 6, म्हणजे 6 मिळते. 6 मिळाली की तिच्या सगळ्या पटी मिळतात. आणि 12 व 18 या दोघीही 6 च्या पटीत असल्यामुळे 6 च्या पटींपलीकडे काही मिळूच शकत नाही. सुरुवात दोन संख्यांनी केली, पण जे हाती लागलं ते एकट्या 6 नेही लागलं असतं.

पूर्णांकांमध्ये हे नेहमीच घडतं. दोन संख्या घ्या, दहा घ्या, शेवटी सगळं काम एकच संख्या करते. आता संख्यांऐवजी पूर्णांक सहगुणक असलेल्या बहुपदी घेतल्या, तर तिथेही असंच होईल का? उत्तर नाही असं आहे, आणि त्यासाठी फार लांब जावं लागत नाही. 2 आणि x ही जोडीच पुरते. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला किंवा एम.एस्सी.ला रिंग थिअरी शिकताना ही सिद्धता चार ओळींत उरकली जाते. ओळी चारच आहेत हे खरं, पण त्यातली प्रत्येक ओळ कशावर उभी आहे हे बघितलं तर बरंच काही कळतं. म्हणून इथे ती सावकाश बघू.

आयडियल म्हणजे काय

बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार जिथे नेहमीच्या नियमांनी करता येतात, अशा संचाला रिंग म्हणतात. पूर्णांकांची रिंग ℤ. पूर्णांक सहगुणकांच्या सगळ्या बहुपदींची रिंग ℤ[x]. त्यात 3x² − 7x + 4 आहे, x⁵ आहे, नुसता 9 सुद्धा आहे, पण ½x नाही.

आयडियल म्हणजे रिंगमधला असा भाग, की ज्यातल्या दोन घटकांची बेरीज-वजाबाकी त्याच भागात राहते, आणि त्यातल्या घटकाला रिंगमधल्या कशानेही गुणलं तरी गुणाकार त्याच भागात येतो. दुसरी अट महत्त्वाची. गुणणारा घटक आयडियलमधला असण्याची गरज नाही, तो कुठलाही चालतो. सम संख्या हे ℤ मधलं आयडियल आहे, कारण सम संख्येला कशानेही गुणा, उत्तर सम. विषम संख्या आयडियल नाहीत, कारण दोन विषमांची बेरीजच सम होते.

एका घटकाच्या सगळ्या पटी घेतल्या की आयडियल मिळतं. f च्या पटींचं आयडियल (f) असं लिहितात आणि अशा आयडियलला प्रिन्सिपल म्हणतात. दोन घटकांपासून सुरुवात केली तर fp + gq या रूपातल्या सगळ्या घटकांचं आयडियल मिळतं, ते (f, g). वरच्या उदाहरणाचं म्हणणं एवढंच की ℤ मध्ये (12, 18) = (6).

ℤ मधलं प्रत्येक आयडियल प्रिन्सिपल का असतं, याचं कारण पुढे लागणार आहे, म्हणून आत्ताच बघून ठेवू. समजा आयडियलमध्ये शून्याखेरीज काही आहे. मग त्यात धन संख्या असतात, आणि त्यातली सर्वांत लहान d निवडता येते. आता आयडियलमधली कुठलीही संख्या n घ्या आणि तिला d ने भागा: n = dq + r, बाकी r ही d पेक्षा लहान. पण r = n − dq, म्हणजे r सुद्धा आयडियलमध्येच आहे. d पेक्षा लहान धन संख्या तिथे नाही, म्हणून r शून्य असलीच पाहिजे. म्हणजे n ही d ची पट. सगळा जोर आहे तो बाकी भाजकापेक्षा लहान येते यावर. हे लक्षात असू द्या.

(2, x) मध्ये नेमकं काय आहे

आता ℤ[x] मधलं (2, x), म्हणजे 2p(x) + xq(x) या रूपातल्या सगळ्या बहुपदी. इथे p आणि q या कुठल्याही पूर्णांक-सहगुणकी बहुपदी.

3x³ − 5x + 8 यात आहे का? आहे. 8 = 2·4, आणि उरलेलं 3x³ − 5x = x(3x² − 5). आता शेवटच्या 8 च्या जागी 7 ठेवून बघा: 3x³ − 5x + 7. हे नाही. का, तर 2p(x) + xq(x) मध्ये x च्या जागी 0 ठेवलं की 2p(0) उरतं, आणि ती सम संख्या आहे. 3x³ − 5x + 7 मध्ये x = 0 ठेवलं तर 7 मिळतात.

हाच तर्क सगळीकडे चालतो. ज्या बहुपदीचं स्थिर पद सम आहे, तिचं स्थिर पद 2 च्या पटीत टाकता येतं आणि बाकीच्या प्रत्येक पदातून x बाहेर काढता येतो, म्हणून ती (2, x) मध्ये आहे. आणि (2, x) मधल्या प्रत्येक बहुपदीचं स्थिर पद 2p(0) म्हणजे समच असतं. म्हणून (2, x) म्हणजे सम स्थिर पद असलेल्या सगळ्या बहुपदी, ना एक कमी ना एक जास्त.

इथे दोन गोष्टींची गल्लत होते. पहिली, (2) आणि (2, x) यांची. (2) मध्ये सगळेच सहगुणक सम लागतात. (2, x) मध्ये फक्त स्थिर पदावर बंधन आहे, x च्या पुढचे सहगुणक सम असोत की विषम, कसलीच अट नाही. दुसरी, (2, x) म्हणजे (2) आणि (x) यांचा संयोग असं समजण्याची. x + 2 हे (2) मध्ये नाही, कारण x चा सहगुणक 1 आहे. ते (x) मध्येही नाही, कारण स्थिर पद शून्य नाही. तरीही ते (2, x) मध्ये आहे.

सिद्धता

आता प्रश्न असा, की सम स्थिर पदाच्या या सगळ्या बहुपदी एकाच बहुपदीच्या पटी असू शकतात का? थोडे प्रयत्न करून बघू. 2 घेतला तर x त्याची पट नाही. x घेतला तर 2 त्याची पट नाही. x + 2 घेतला तर त्याच्या शून्येतर पटींची कोटी किमान 1 असते, म्हणून 2 कधीच मिळत नाही. असे कितीही प्रयत्न फसले तरी त्याने सिद्ध काहीच होत नाही, कारण बहुपदी अनंत आहेत. म्हणून उलट्या बाजूने जायचं. अशी एक बहुपदी f आहे असं धरायचं आणि तिला कोपऱ्यात गाठायचं.

तर समजा (2, x) = (f).

2 हा आयडियलमध्ये आहे, म्हणून तो f ची पट असला पाहिजे: 2 = f·g. गुणाकाराची कोटी ही कोटींची बेरीज असते. डाव्या बाजूची कोटी 0, म्हणून f आणि g दोघांचीही कोटी 0. म्हणजे f हा नुसता पूर्णांक आहे, आणि तो 2 ला भागतो. म्हणून f = ±1 किंवा f = ±2. अनंत शक्यता होत्या, त्या एका फटक्यात चारवर आल्या.

x सुद्धा आयडियलमध्ये आहे, म्हणून x = f·h. जर f = ±2 असेल, तर h चे सहगुणक पूर्णांक असल्यामुळे f·h चे सगळे सहगुणक सम होतील. पण x चा सहगुणक 1 आहे. म्हणून f = ±2 शक्य नाही. उरलं f = ±1.

आता f स्वतः आयडियलमध्ये आहे, कारण f = f·1. म्हणजे 1 किंवा −1 हा (2, x) मध्ये असला पाहिजे. पण (2, x) मधल्या प्रत्येक घटकाचं स्थिर पद सम असतं, आणि ±1 विषम आहे. विसंगती. म्हणून (2, x) प्रिन्सिपल नाही.

सिद्धता इथे संपली. शेवटची पायरी लिहायला मात्र पुष्कळ जण विसरतात. f = ±1 इथपर्यंत येऊन ‘म्हणून आयडियल म्हणजे पूर्ण रिंग झाली, विसंगती’ असं लिहून थांबतात. पण (2, x) ही पूर्ण रिंग नाही हे कुठे दाखवलं? 1 त्यात नाही हे दाखवणं हाच सिद्धतेचा गाभा आहे, आणि x = 0 ठेवण्याचं काम तिथेच होतं.

पहिल्या पायरीतही एक गोष्ट गृहीत धरली आहे: गुणाकाराची कोटी म्हणजे कोटींची बेरीज. हे पूर्णांकांत खरं आहे, कारण दोन शून्येतर पूर्णांकांचा गुणाकार शून्य होत नाही, म्हणून दोन्ही बहुपदींची सर्वांत मोठ्या घाताची पदं गुणली की ते पद टिकतं. पण सहगुणक 4 च्या घड्याळावर मोजले, म्हणजे 4 ला 0 मानलं, तर (1 + 2x)(1 + 2x) = 1 + 4x + 4x² = 1. कोटी 1 असलेल्या दोन बहुपदींचा गुणाकार नुसता 1! तिथे ‘2 ला भागणारी बहुपदी स्थिरच असणार’ असं म्हणता येत नाही. म्हणून ‘f ही 2 ला भागते, म्हणून f = ±1 किंवा ±2’ एवढंच लिहिलं तर मधला दुवा गळतो. कोटीचा उल्लेख करायलाच हवा.

भागाकार कुठे अडला

ℤ साठी दिलेली सिद्धता इथे का चालली नाही? ती वापरून तर बघू. बहुपदींमध्ये लहान-मोठेपणा कोटीने मोजतात. (2, x) मध्ये सर्वांत कमी कोटीचे शून्येतर घटक म्हणजे स्थिर पूर्णांक: ±2, ±4, ±6 वगैरे. त्यातला सर्वांत लहान 2 घेऊ. आता x ला 2 ने भागा. बाकीची कोटी 0 पेक्षाही कमी हवी, म्हणजे बाकी शून्यच हवी. तर x = 2q असा q पाहिजे. तो ½x आहे, आणि ½x आपल्या रिंगमध्ये नाही. भागाकार पहिल्याच पायरीला अडला.

भाजकाच्या सर्वांत मोठ्या घाताच्या पदाचा सहगुणक 1 किंवा −1 असेल, तर ℤ[x] मध्ये भागाकार बिनतक्रार होतो. x² + 1 ने कुठल्याही बहुपदीला भागा, अपूर्णांक कधी येणार नाही. तो सहगुणक 2 किंवा 3 झाला की अडचण सुरू होते.

परिमेय सहगुणक वापरायची मुभा दिली, म्हणजे ℚ[x] मध्ये गेलं, की ही अडचण नाहीशी होते. तिथे प्रत्येक भागाकार पूर्ण होतो आणि प्रत्येक आयडियल प्रिन्सिपल असतं. मग तिथे आपल्या (2, x) चं काय होतं? ½·2 = 1, म्हणजे 1 आयडियलमध्ये आला, आणि 1 आला की सगळी रिंग आली. ℚ[x] मध्ये (2, x) = (1).

मसावि आहे, पण हाती येत नाही

मला या उदाहरणात सर्वांत मोलाची वाटते ती पुढची गोष्ट. 2 आणि x यांना ℤ[x] मध्ये सामाईक विभाजक कोणते? वरच्या पहिल्या दोन पायऱ्यांनी तेच शोधलं होतं: फक्त 1 आणि −1. म्हणजे 2 आणि x यांचा मसावि 1 आहे. शाळेपासूनची आपली सवय अशी, की दोन संख्यांचा मसावि 1 असला की त्या दोघींच्या पटी जुळवून 1 तयार करता येतो. 5 आणि 7 घ्या: 3·5 − 2·7 = 1. ही सवय ℤ[x] मध्ये मोडते. 2 आणि x यांचा मसावि 1 आहे, पण 2p + xq = 1 असे p, q मिळत नाहीत.

थोडक्यात, सामाईक विभाजक नसणं ही एक गोष्ट आणि जुळवून 1 तयार होणं ही दुसरी. पूर्णांकांत या दोन्ही नेहमी बरोबर येतात म्हणून त्या एकच वाटतात.

यावरून एक उपयोगी कसोटी मिळते. ℤ[x] मध्ये बहुपदींचं अवयवीकरण एकमेव असतं. ही गोष्ट गाउसच्या प्रसिद्ध लेम्मामधून येते. त्यामुळे मसावि नेहमी असतो. (a, b) हे आयडियल प्रिन्सिपल असेल तर त्याला जन्म देणारा घटक म्हणजे मसाविच, चिन्हाचा फरक सोडून. म्हणून एवढंच तपासायचं: मसावि आयडियलमध्ये आहे की नाही.

(2x, 3x) बघा. मसावि x, आणि 3x − 2x = x. प्रिन्सिपल आहे. (2, 2x + 1) बघा. मसावि 1, आणि (2x + 1) − x·2 = 1. हेही प्रिन्सिपल, पूर्ण रिंगच. कंसात दोन घटक दिसले म्हणून आयडियल प्रिन्सिपल नाही असं धरून चालण्यात काही अर्थ नाही, हे या दोन उदाहरणांवरून दिसतं. आता (4, 2x): मसावि 2. 2 = 4p + 2xq असेल तर दोन्हीकडे 2 ने भागून 1 = 2p + xq, जे अशक्य आहे हे माहीतच आहे. हे प्रिन्सिपल नाही.

(2, x² + 1) मध्ये मसावि 1. इथे x = 0 ठेवून काम होत नाही, कारण 0² + 1 = 1 विषम आहे. पण x = 1 ठेवा: x² + 1 ची किंमत 2 होते, म्हणून 2p + (x² + 1)q ची किंमत सम, आणि ती 1 होऊ शकत नाही. प्रिन्सिपल नाही.

मग नेहमी एखादी सोयीची किंमत ठेवली की झालं? नाही. (2, x² + x + 1) घ्या. x² + x म्हणजे x(x + 1), लागोपाठच्या दोन पूर्णांकांचा गुणाकार, तो नेहमी सम. म्हणून x² + x + 1 ची किंमत कुठल्याही पूर्णांकासाठी विषमच येते. कितीही किमती ठेवून बघा, विसंगती हाती लागणार नाही. इथे वाट बदलावी लागते. समजा 1 = 2p + (x² + x + 1)q. आता सगळ्या सहगुणकांकडे फक्त सम-विषम या नजरेने बघा, म्हणजे सम सहगुणक 0 आणि विषम सहगुणक 1 माना. 2p नाहीसा होतो आणि उरतं 1 = (x² + x + 1)·q. या 0 आणि 1 च्या गणितात विषम गुणिले विषम विषमच राहतं, म्हणून कोटींची बेरीज इथेही टिकते. उजवी बाजू एकतर 0 आहे, नाहीतर तिची कोटी किमान 2. डावीकडे नुसता 1. जुळणं शक्य नाही. म्हणून हेही प्रिन्सिपल नाही. किंमत ठेवण्याची युक्ती सोपी आहे, पण तिची धाव मर्यादित आहे. सम-विषमची युक्ती x, x + 1, x² + 1 या सगळ्यांनाच लागू पडते.

आयडियल जन्माला आली ती दुसऱ्या अडचणीतून

आयडियलची कल्पना मुळात बहुपदींसाठी आली नाही. कुमर यांनी एकोणिसाव्या शतकात काही विशिष्ट संख्यांच्या रिंगमध्ये अवयवीकरण एकमेव राहत नाही म्हणून ‘आदर्श संख्या’ कल्पिल्या, आणि डेडेकिंड यांनी १८७१ मध्ये त्यांना आजचं आयडियलचं रूप दिलं. तिथलं नेहमीचं उदाहरण म्हणजे a + b√−5 या रूपातल्या संख्या. तिथे 6 = 2·3 आणि 6 = (1 + √−5)(1 − √−5), अशी दोन खरोखर वेगळी अवयवीकरणं आहेत, आणि (2, 1 + √−5) हे आयडियल प्रिन्सिपल नाही.

अशा संख्यांच्या पूर्णांक-रिंगमध्ये दोन्ही दोष जोडीनेच असतात. अवयवीकरण एकमेव असेल तर सगळी आयडियल प्रिन्सिपल, आणि एक बिघडलं की दुसरंही बिघडतं. ℤ[x] मध्ये मात्र ही जोडी फुटते. अवयवीकरण शाबूत आहे, 2 आणि x दोघेही अविभाज्य आहेत, मसावि आहे, आणि तरीही आयडियल प्रिन्सिपल नाही. म्हणून हे उदाहरण मला √−5 च्या उदाहरणाइतकंच महत्त्वाचं वाटतं.

आणि 2 मध्येही काही विशेष नाही. सहगुणक कुठल्याही रिंगमधले घ्या, फक्त शून्येतर घटकांचा गुणाकार शून्य होत नसावा. त्यात a असा शून्येतर घटक घ्या की ज्याचा व्यस्त त्या रिंगमध्ये नाही. मग (a, x) प्रिन्सिपल नसतं. सिद्धता तीच: a = f·g वरून f स्थिर, x = f·h मध्ये x चा सहगुणक बघून f ला व्यस्त आहे हे कळतं, म्हणून 1 = ap + xq, आणि x = 0 ठेवलं की 1 = a·p(0), म्हणजे a ला व्यस्त मिळाला. विसंगती. बहुपदींच्या रिंगमध्ये सगळी आयडियल प्रिन्सिपल हवी असतील, तर प्रत्येक शून्येतर सहगुणकाला व्यस्त असलाच पाहिजे.

एक पुरत नाही, मग किती लागतात?

आता एक दुसरी सिद्धता, जिच्यात भाग जाण्याचा विषयच नाही. (2, x) मधली बहुपदी 2a + bx + … अशी दिसते. तिच्यासाठी फक्त एवढी नोंद ठेवा: a सम की विषम, आणि b सम की विषम. ही झाली तिची जोडी. त्या बहुपदीला g₀ + g₁x + … ने गुणलं तर स्थिर पद 2ag₀ होतं आणि x चा सहगुणक bg₀ + 2ag₁ होतो. 2ag₁ सम असल्यामुळे सम-विषमच्या हिशेबात त्याचा काही परिणाम नाही. म्हणजे गुणल्यावर जोडी नुसती g₀ ने गुणली जाते: g₀ विषम असेल तर जोडी तशीच राहते, सम असेल तर (सम, सम) होते. म्हणून एका बहुपदीच्या सगळ्या पटींमध्ये फार तर दोनच जोड्या दिसू शकतात. पण (2, x) मध्ये चारही जोड्या आहेत: 0 ची (सम, सम), 2 ची (विषम, सम), x ची (सम, विषम) आणि 2 + x ची (विषम, विषम). एकीला हे पेलणार नाही.

हीच युक्ती पुढे नेता येते. (4, 2x, x²) हे आयडियल घ्या. यातल्या बहुपदी 4a + 2bx + cx² + … अशा असतात. a, b, c सम की विषम, अशी तिघांची नोंद ठेवा. g ने गुणलं की स्थिर पद 4ag₀, x चा सहगुणक 2bg₀ + 4ag₁, आणि x² चा cg₀ + 2bg₁ + 4ag₂. यांना अनुक्रमे 4, 2 आणि 1 ने भागून सम-विषम बघितलं, तर पुन्हा ag₀, bg₀, cg₀ एवढंच उरतं. दोन बहुपदींपासून सुरुवात केली तर त्यांच्या नोंदींच्या बेरजांमधून फार तर चार प्रकार मिळतात: शून्य नोंद, पहिलीची, दुसरीची आणि दोघींची बेरीज. पण या आयडियलमध्ये 4, 2x आणि x² यांच्या मदतीने आठही प्रकार आहेत. म्हणून दोन बहुपदी पुरत नाहीत, किमान तीन लागतात.

(8, 4x, 2x², x³) ला याच हिशेबाने चार लागतात. पुढच्याला पाच. हिल्बर्ट यांच्या १८९० च्या प्रमेयातून कळतं की ℤ[x] मधलं कुठलंही आयडियल घेतलं तरी त्याला काही ठरावीक, मोजता येतील इतक्या बहुपदी पुरतात. पण सगळ्या आयडियलना मिळून पुरेल असा एकच आकडा नाही. शंभर म्हणा, तर (2¹⁰⁰, 2⁹⁹x, …, x¹⁰⁰) ला एकशे एक लागतात.